पाठलागाचा शॉट: व्हिप पॅन हवा, ब्लर हवा, पण पळणारी बाई ओळखू यायला हवी

निळीशाई

मंडळी, एका छोट्या फिल्मसाठी पाठलागाचा तुकडा करतेय. सगळं एआयवर जनरेट केलेलं. वान २.१ वापरतेय, माझ्याच मशीनवर, एक स्थिर चित्र देऊन त्यातून व्हिडिओ काढायचा अशा पद्धतीने.

प्रसंग साधा आहे. पिवळा रेनकोट घातलेली बाई अरुंद गल्लीतून पळतेय आणि मागे एक माणूस लागलाय. कॅमेरा बाईच्या बाजूने पळतो, झटक्यात मागे वळून माणसावर जातो, पुन्हा झटक्यात बाईवर येतो. दोन व्हिप पॅन, भरपूर ब्लर, पण बाईचा चेहरा आणि देहबोली कळायला हवी. ती घाबरलेली नाही, चिडलेली आहे, आणि हे दिसलं नाही तर प्रसंगाला अर्थच उरत नाही.

मिळतं ते दोनपैकी एक. कधी कॅमेरा आरामात, फिरायला आल्यासारखा वळतो. कधी वळतो झटक्यात, पण रेघोट्या विरल्यावर समोर भलतीच बाई असते. रेनकोट तोच, चेहरा दुसरा, केस दुसरे.

प्रॉम्प्ट हा:

```
fast chase, whip pan, motion blur, dynamic camera,
woman in yellow raincoat running, intense,
high speed, cinematic, sharp focus
```

`sharp focus` काढलं की बाईसकट सगळं पुसट होतं. ठेवलं की ब्लर जवळजवळ येतच नाही. काय करावं?

---

अपर्चर_११

सोपं आहे. शटर स्पीड लिहा. प्रॉम्प्टमध्ये `1/1000 shutter` घातलं की सब्जेक्ट कडक येतो. फोटोग्राफीत आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो. मॉडेलं खऱ्या फोटोंवरच शिकलेली आहेत, त्यांना ही भाषा कळते.

---

भटकीमांजर

माझंही अगदी हेच होतं! कुत्रा पळताना शूट केला की कायम धूसर. फोनच्या प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ वाढवा आणि उजेडात शूट करा. संध्याकाळी तर प्रयत्नच करू नका.

---

निळीशाई

@भटकीमांजर, अहो इथे कॅमेराच नाहीये. ना कॅमेरा, ना उजेड, ना बाई. सगळं प्रॉम्प्टमधून.

@अपर्चर_११, करून पाहिलं. बाई कडक आली, पण मागची भिंतही तितकीच कडक आली. वीट न वीट मोजून घ्या. वेग गेलाच.

---

कात्रीवाला

मी एडिटिंग करतो. आधी कॅमेऱ्याने शूट केलेलं कापायचो, आता जनरेट केलेलंही कापावं लागतं. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

अपर्चर_११ यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मॉडेल या शब्दांना प्रतिसाद देतं हे खरं. पण त्याच्या आत शटर नावाची वस्तू नाही. `1/1000` लिहिलं की ज्या फोटोंच्या वर्णनात तसे शब्द होते त्या फोटोंसारखं काहीतरी येतं, म्हणजे सगळंच गोठलेलं. खऱ्या कॅमेऱ्यातही हेच होईल. छोटं शटर सब्जेक्टला आणि पार्श्वभूमीला वेगळा न्याय देत नाही. दोघांचा ब्लर सारख्याच प्रमाणात कमी होतो.

बाई स्पष्ट आणि भिंत पुसट हे शटरमुळे होत नाही, कॅमेरा बाईच्या वेगाने सरकल्यामुळे होतं. फ्रेमच्या हिशेबात बाई जागची हलत नाही, भिंत हलते, म्हणून भिंतीच्या रेघोट्या होतात. नेहमीच्या सिनेमात २४ फ्रेमला शटर १८० अंशांचं, म्हणजे एक फ्रेम १/४८ सेकंद उघडी असते. एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत वस्तू जेवढी सरकते त्याच्या निम्मी रेघ उमटते. १९२० पिक्सेलच्या फ्रेममध्ये भिंत दर फ्रेमला १२० पिक्सेल सरकली तर ६० पिक्सेलची रेघ. बाई कॅमेऱ्याच्या मानाने १० पिक्सेल इकडेतिकडे झाली तर ५ पिक्सेल, आणि तेवढं डोळ्याला स्पष्टच वाटतं.

आता तुमचा प्रॉम्प्ट बघा. `motion blur` लिहिलंय, पण ब्लर कोणाचा ते सांगितलेलं नाही. मॉडेल तो सगळ्या फ्रेमवर फासतं. `sharp focus` लिहिलंय, स्पष्ट कोण ते नाही. तेही सगळ्या फ्रेमवर. दोन हुकूम एकमेकांवर आदळतात आणि त्या वेळी जो जड पडेल तो जिंकतो. `dynamic camera` म्हणजे कॅमेऱ्याने काय करायचं? मला विचारलंत तर मलाही सांगता येणार नाही.

ब्लरला मालक द्या आणि कॅमेऱ्याला एकच काम द्या. व्हिप पॅन तूर्त बाजूला ठेवून आधी हा शॉट काढा:

```
Side-on tracking shot, camera moves beside the woman
at exactly her running speed. She stays at the left third
of the frame, her face and yellow raincoat clearly readable.
The wall, pipes and lit windows behind her streak
into horizontal lines. Only her hands and shoes blur.
```

हातापायांचं वाक्य गाळू नका. धड कॅमेऱ्याबरोबर असतं, पण हात पुढेमागे होतात, पाय त्याहून जास्त. ते ब्लर झाले नाहीत तर बाई कापून चिकटवल्यासारखी दिसते.

पाईप आणि खिडक्याही उगाच घातलेल्या नाहीत. कोऱ्या भिंतीची रेघोटी उमटतच नाही. ती पुसट झाली काय किंवा नाही झाली काय, कोरीच दिसते, आणि बाई जागच्या जागी पाय हलवतेय असं वाटतं. उभ्या आणि उजळ वस्तू हव्यात: खांब, दाराच्या चौकटी, दिवे. बाई आणि कॅमेरा यांच्या मधून एखादा खांब सर्रकन गेला तर वेग आणखी वाढतो आणि बाईच्या स्पष्टतेला धक्का लागत नाही.

---

टेकडीवरचा

मी द्विमितीय ॲनिमेशन करतो. आमच्याकडे गाडीचा पाठलाग असला की गाडी फ्रेमच्या मध्यावर ठेवायची, मागचा पट्टा पळवायचा आणि वर वेगाच्या रेघा मारायच्या. ब्लरच्या भानगडीत पडायचंच नाही. तुम्हीही रेघा मारा की.

---

निळीशाई

@टेकडीवरचा, माझं सगळं वास्तवदर्शी आहे. तिथे रेघा मारल्या तर हसू येईल. पण मागचा पट्टा पळवायचा हे कात्रीवाल्यांच्या सांगण्याशी जुळतंय.

@कात्रीवाला, हा शॉट निघाला! चेहरा स्पष्ट, खिडक्यांच्या लांब पिवळ्या रेघा, बूट पुसट. पण शेवटी `then the camera whip pans to the man chasing her` जोडलं की पुन्हा तेच. माणूस म्हणून जो येतो त्याच्या अंगावरही पिवळा रेनकोट. एकदा तर बाईच वळून माणूस झाली.

---

कात्रीवाला

ते होणारच, आणि त्याचं कारण कळलं की उपायही सापडतो.

व्हिप पॅनच्या मधल्या फ्रेममध्ये काहीही स्पष्ट नसतं. तसं ते नसायलाच हवं. ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवर साधारण ४० अंश रुंद बघते. कॅमेरा ८ फ्रेममध्ये ९० अंश वळला तर चित्र दर फ्रेमला ५४० पिक्सेलच्या आसपास सरकतं आणि रेघ २७० पिक्सेलची होते. चेहरा १५० पिक्सेलचा असेल तर तो त्या रेघेत बुडालाच. म्हणजे 'व्हिप पॅनमध्ये सब्जेक्ट स्पष्ट' ही मागणी अशी पुरी होत नाही. स्पष्टता व्हिपच्या आधी आणि नंतर लागते. त्या दोन टोकांना सब्जेक्ट पटकन ओळखू आला की मधल्या चिखलाची तक्रार प्रेक्षक करत नाही.

आता मॉडेलची बाजू. वान २.१ साधारणपणे ८१ फ्रेम देतं, सेकंदाला १६ या गतीने, म्हणजे पाचेक सेकंद. आतमध्ये ते प्रत्येक फ्रेम वेगळी हाताळत नाही. पहिली फ्रेम एकटी, पुढच्या चारचारचे गठ्ठे. ८१ फ्रेमचे आत २१ तुकडे होतात आणि प्रत्येक गठ्ठा पाव सेकंदाचा असतो. खरा झटका पाव ते अर्ध्या सेकंदात संपतो. म्हणजे तुमचा अख्खा व्हिप एकदोन गठ्ठ्यांत कोंबलेला. त्यात बाई कोणती आणि माणूस कोणता हे धरून ठेवायला मॉडेलकडे फारसं काही नसतं. आधीचे गठ्ठे त्याला दिसतात, म्हणूनच पिवळा रेनकोट टिकतो आणि चुकीच्या माणसाच्या अंगावर चढतो. हा माझा अंदाज आहे, पण रोज जे दिसतं त्याच्याशी जुळतो.

त्यातून माणसाचं चित्र तुम्ही मॉडेलला दिलेलंच नाही. सुरुवातीच्या चित्रात फक्त बाई आहे. माणूस त्याला मनाने रचावा लागतो, तोही रेघोट्यांच्या पलीकडे.

म्हणून एका क्लिपमध्ये दोन माणसं व्हिपने जोडायची नाहीत. कापायचं. व्हिप पॅनच्या मध्यावर केलेला कट डोळ्याला दिसत नाही. संपादक हे जनरेटिव्ह मॉडेलं यायच्या कितीतरी आधीपासून करत आलेत.

---

फिरकी

मग दुसऱ्या शॉटची सुरुवात रेघोट्यांतून कशी करणार? चित्रातून व्हिडिओ करताना पहिली फ्रेम दिलेलं चित्रच असते ना?

माझ्याकडे युक्ती आहे. माणसाच्या स्पष्ट चित्रापासून सुरुवात करायची, प्रॉम्प्टमध्ये कॅमेरा त्याच्यावरून झटक्यात बाजूला न्यायचा आणि क्लिप उलटी चालवायची. रेघोट्यांतून माणूस उगवेल.

---

निळीशाई

@फिरकी, उगवेल खरा, पण तो पळतोय. क्लिप उलटी केली की तो मागे मागे पळेल.

---

फिरकी

अर्रर्र. हे डोक्यातच आलं नाही.

---

कात्रीवाला

फिरकीची युक्ती टाकाऊ नाही. व्हिप संपतो ती वस्तू स्थिर असेल, म्हणजे बंद दार, जिना, भिंतीला टेकून उभा असलेला माणूस, तर उलटी क्लिप उत्तम चालते. पळणाऱ्यांना, पावसाला, धुराला चालत नाही.

निळीशाई, तुमच्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली म्हणजे पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम देता येणारं मॉडेल. वानचंच तसं रूप आहे, इतरही काहींत सोय आहे. शेवटची फ्रेम माणसाचं स्पष्ट चित्र. पहिली फ्रेम रेघोट्यांचं चित्र, जे तुम्हीच बनवायचं: त्या माणसामागच्या गल्लीचं स्थिर चित्र घ्या आणि एडिटरमध्ये आडवा डायरेक्शनल ब्लर भरपूर द्या. रंग त्याच गल्लीचे राहतात, त्यामुळे मॉडेल भलतीकडे भरकटत नाही. अडचण इतकीच की झटका कधी संपवायचा ते मॉडेल ठरवतं. कधी निम्मी क्लिप रेघोट्यांतच जाते.

दुसरी वाट मला जास्त आवडते. मॉडेलकडून व्हिप मागायचाच नाही. बाईचा शॉट वेगळा, माणसाचा वेगळा, दोन्ही शुद्ध ट्रॅकिंग, दोन्हींची सुरुवात ज्याच्या त्याच्या स्पष्ट चित्रापासून. व्हिप एडिटिंगमध्ये घालायचा. बाईच्या शॉटच्या शेवटच्या तीनचार फ्रेम डावीकडे सरकवा, सरकण्याचा वेग वाढता ठेवा, वर आडवा डायरेक्शनल ब्लर. माणसाच्या शॉटच्या पहिल्या तीनचार फ्रेम उजवीकडून आत आणा, वेग उतरता. कडेला काळी जागा उघडी पडते, तिथे आफ्टर इफेक्ट्समधला मोशन टाइल आरशासारख्या कडा करून लावा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही कडा उलट्या जोडायची सोय बहुधा असते.

दिशा मात्र चुकवू नका. कॅमेरा उजवीकडे वळला की चित्र डावीकडे पळतं. पहिला शॉट डावीकडे गेला असेल तर दुसऱ्यानेही डावीकडेच सरकत येऊन थांबायचं. उलट झालं तर भिंतीवर आपटल्यासारखं वाटतं आणि कट उघडा पडतो. बाईवर परत येताना कॅमेरा डावीकडे वळतो, तेव्हा सगळं उलट.

---

अपर्चर_११

पण असला चिकटवलेला व्हिप खोटा दिसतो. खऱ्या व्हिपमध्ये चित्राची खोली जाणवते, जवळच्या वस्तू वेगळ्या वेगाने जातात. मॉडेल ते स्वतः करतं, तुमचा सपाट फोटो सरकवून ते होणार नाही.

---

कात्रीवाला

@अपर्चर_११, कॅमेरा एका जागी उभा राहून नुसता वळला तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू फ्रेममधून सारख्याच वेगाने जातात. फरक पडतो तो कॅमेरा स्वतः जागा सोडतो तेव्हा. शुद्ध व्हिप पॅनपुरतं सपाट चित्र सरकवणं म्हणूनच चालून जातं. पण इथे कॅमेरा पळतही आहे, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. सहासात फ्रेममध्ये ते कोणाला दिसेल असं मला वाटत नाही, तुम्हाला वाटू शकतं.

---

अपर्चर_११

मला दिसतं.

---

सुमेधा_क

एक वेगळा मुद्दा. @निळीशाई, तुम्ही वानबरोबर येणारा तयार नेगेटिव्ह प्रॉम्प्ट तसाच वापरताय का? तो लांबलचक चिनी मजकूर. त्यात 'तपशील धूसर' या अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे एका खिडकीत ब्लर मागायचा आणि दुसऱ्या खिडकीत ब्लर नको म्हणायचं. तेवढे शब्द काढून बघा. 'स्थिर' आणि 'न हलणारं चित्र' या अर्थाचे शब्दही त्यात आहेत, ते मात्र राहू द्या, पाठलागात ते आपल्याच बाजूचे.

---

निळीशाई

@सुमेधा_क, तोच होता, शब्दशः तसाच! काढला. खिडक्यांच्या रेघा लगेच लांबल्या. पण आता बाईच्या चेहऱ्यावरही किंचित धूसरपणा आलाय. हा ब्लर आहे की मॉडेल वितळतंय, हे ओळखायचं कसं?

---

कात्रीवाला

फ्रेमा सुट्या करून बघा. चालत्या व्हिडिओत हे कळत नाही.

```
ffmpeg -i a.mp4 a_%03d.png
```

ब्लरला दिशा असते. हालचाल आडवी असेल तर उभ्या कडा पसरतात आणि आडव्या कडा शाबूत राहतात. कठड्याची वरची कड, खिडकीची वरखालची रेघ अशा वस्तू व्हिपच्या मधोमधही धारदार दिसायला हव्यात. चेहऱ्यावर बघायचं तर भुवया आणि ओठांची रेघ जरा तग धरतात, नाकाच्या कडा आणि गालांच्या बाजू पसरतात. सगळ्याच दिशांनी सारखं पुसट असेल, भुवया त्वचेत मिसळल्या असतील, तर ते वितळणं आहे.

दुसरी खूण म्हणजे वेग उतरतो तशी रेघ आखूड व्हायला हवी. हालचाल थांबल्यानंतरही पुढच्या पाचसहा फ्रेम तितक्याच पुसट राहिल्या तर मॉडेलने ब्लरचा रंग फासलाय, हालचाल नाही.

पळणाऱ्या माणसाचं डोकं प्रत्येक पावलाला वरखाली होतं, म्हणून चेहऱ्यावर थोडा उभा ब्लर येणं चुकीचं नाही. तो पावलागणिक येऊन जायला हवा. सतत असेल तर शंका घ्या.

---

निळीशाई

बघितलं. भुवया शाबूत आहेत, धूसरपणा दर पावलाला येतो आणि जातो. म्हणजे ब्लरच! सुटले.

आता माणसाचा शॉटही काढलाय. पण त्याच्या अंगावर गडद जॅकेट आहे आणि गल्ली अंधारी. व्हिप संपल्यावर तो नेमका कुठे आहे हे शोधेपर्यंत शॉट अर्धा सरतो.

---

कात्रीवाला

ही ब्लरची नाही, रचनेची अडचण आहे. झटक्यानंतर पहिल्या काही फ्रेममध्ये डोळा तपशील वाचत नाही, रंगाचा आणि आकाराचा डाग शोधतो. आणि शोधतो तोही आधीच्या शॉटमध्ये जिथे बघत होता तिथेच. बाई डावीकडच्या तिसऱ्या भागात होती ना? मग व्हिप थांबतो तिथे माणूसही डावीकडच्या तिसऱ्या भागात ठेवा. मध्यावर ठेवलात तर नजरेला शोधत यावं लागतं आणि तेवढ्यात तुमचा शॉट संपतो.

त्याला उजेडासमोर आणा. गडद जॅकेट, मागे पेटलेलं दार किंवा दिव्याचा झोत, म्हणजे आकृती कापून काढल्यासारखी उठेल. हे स्थिर चित्र बनवतानाच करा. व्हिडिओच्या प्रॉम्प्टमध्ये उजेड बदलायला गेलात तर तो मधेच पेटतो.

```
Tracking shot moving backward in front of the running man
at his speed. He stays at the left third of the frame,
a dark figure against a bright doorway behind him.
Walls on both sides streak toward the far end of the alley.
His face and shoulders stay clear.
```

इथे कॅमेरा पुढून मागे सरकतोय, म्हणून रेघा आडव्या येणार नाहीत. त्या गल्लीच्या खोलीकडे जमा होतील आणि फ्रेमच्या कडांना जास्त लांब असतील. तुमचा व्हिप आडवा आहे, त्यामुळे दोन्हींतला फरक जाणवेल. मला तो आवडतो. नको असेल तर माणसालाही बाजूनेच दाखवा.

---

टेकडीवरचा

रचनेचं म्हणाल तर हे आमच्याकडेही अगदी असंच. पात्राचा बाह्याकार नुसता काळा भरून बघायचा. ओळखू आला तर पुढे जायचं.

---

निळीशाई

जोडून बघितलं. बाईकडून माणसावर जाणारा व्हिप जमला, मला स्वतःला कट सापडत नाही. पण परत बाईवर येताना मधे एक फ्रेम दिसते जिच्यात बाई आणि माणूस एकमेकांत मिसळलेत, दोन डोकी असलेलं काहीतरी. आणि बाकीच्या शॉटमध्येही जरा धक्के जाणवतात.

---

सुमेधा_क

१६ फ्रेमची क्लिप २४ वर न्यायला फ्रेम वाढवणारं काही वापरलंत का? आणि ते सगळं जोडून झाल्यावर चालवलंत?

---

निळीशाई

हो, रिफ. दुसऱ्या व्हिपनंतरचा भाग जोडून झाल्यावर सगळ्यावर एकदम चालवलं.

---

सुमेधा_क

मग दोन डोक्यांचं ते तिथूनच आलं. ते दोन शेजारच्या फ्रेम घेऊन मधली रचतं. कट कुठे आहे हे त्याने ओळखलं नाही तर कटाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेम मिसळतं. आधी प्रत्येक शॉट वेगळा वाढवा, मग कापा, मग व्हिप घाला. डायरेक्शनल ब्लर अगदी शेवटी.

धक्क्यांचं कारण कदाचित वेगळं असेल. १६ चं थेट २४ करताना साधन दोन फ्रेमांच्या फक्त बरोबर मधली फ्रेम रचत असेल तर ती २४ च्या जागेवर बसत नाही आणि अंतर कमीजास्त होतं. आधी तिप्पट करून ४८ वर न्या आणि मग एकाआड एक फ्रेम गाळा. अंतर सारखं राहतं.

---

कात्रीवाला

सुमेधाताईंना दुजोरा. एकच जोडतो: फ्रेम वाढवल्या की वस्तू दर फ्रेमला कमी सरकते, पण चित्रात उमटलेली रेघ तेवढीच लांब राहते. १६ फ्रेमसाठी बरोबर असलेला ब्लर २४ वर दीडपट जड वाटतो. मागच्या खिडक्यांना ते शोभून जाईल. बाईच्या हातांवर जास्त वाटलं तर प्रॉम्प्टमध्ये हातांच्या ब्लरपुढे `slightly` घाला, आधी मी ते घातलं नव्हतं.

---

निळीशाई

क्रम बदलला, दोन डोकी गेली. धक्केही गेले. हात अजून थोडे जड आहेत, ते उद्या बघते.

एक शेवटचं. दिग्दर्शकाला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, शेवटी एक शॉट हवाय ज्यात दोघं एकाच फ्रेममध्ये आहेत आणि माणूस बाईला गाठत येतोय. बाई स्पष्ट, माणूसही ओळखू येईल इतका, मागे रेघोट्या. इथे कापता येत नाही.

---

अपर्चर_११

इथे तरी मॉडेलकडूनच घ्यावं लागेल ना?

---

कात्रीवाला

हो, इथे तुमचं बरोबर आहे.

गाठतोय म्हणजे तो बाईपेक्षा थोडाच जास्त वेगाने पळतोय. कॅमेरा बाईच्या वेगाने गेला तर त्याचा ब्लर त्या फरकाएवढाच, म्हणजे किरकोळ. हिशेबाने दोघंही स्पष्ट यायला हवेत. सुरुवातीच्या चित्रात दोघं असू द्या, मध्ये स्पष्ट अंतर ठेवा, कपड्यांचे रंग अगदी वेगळे. प्रॉम्प्टमध्ये `the gap between them slowly closes` लिहा, `he catches up` नको. ते लिहिलं की मॉडेल धरपकडीकडे जातं, दोघांचे हात एकमेकांत गुंततात आणि मग ते सोडवता येत नाहीत.

तरीही दोन पळणारे एका फ्रेममध्ये म्हणजे चार पाय एकमेकांच्या जवळ. तिथे मला स्वतःला भरवशाचा मार्ग सापडलेला नाही. फ्रेम कमरेच्या वर कापतो आणि पाय टाळतो.

---

फिरकी

दोघांना वेगवेगळं काढून माणसाला मास्क करून मागे चिकटवलं तर? दोन्हीकडे कॅमेऱ्याचा वेग तोच ठेवायचा.

---

सुमेधा_क

रेघोट्यांच्या पार्श्वभूमीवर मास्कची कड दिसते. त्याच्या केसांभोवती जुन्या गल्लीच्या रेघा अडकून येतात. सपाट रंगाच्या पार्श्वभूमीवर त्याला पळवून काढलं तर कदाचित जमेल, पण मग जमिनीवरची सावली तुम्हालाच रंगवायची.

---

निळीशाई

कमरेच्या वर कापून बघते आधी. ते मैत्रिणीला पटलं नाही तर फिरकीचा मार्ग घेते, सावलीसकट. जे निघेल ते इथे टाकते.

---

भटकीमांजर

मला आता कळलं हा धागा कशाबद्दल आहे. तरी विचारते, कुत्र्याच्या बाजूने त्याच्याच वेगाने सायकलवरून फोन धरला तर तो स्पष्ट येईल का?

---

कात्रीवाला

धड येईल, पाय पुसट येतील. फोन दुसऱ्याला धरायला द्या, सायकल तुम्ही चालवा.